मोटर स्टार्ट-स्टॉपचं लॅडर: या चुका टाळा

स्टार्ट, स्टॉप आणि ओव्हरलोड ट्रिप एवढ्या तीन गोष्टींचं लॅडर पहिल्या दिवशी शिकवतात, आणि पॅनेलमध्ये सर्वात जास्त चुका त्यातच सापडतात. मोटर फिरली की काम झालं असं समजून नवखा माणूस पुढच्या कामाला लागतो. खरी परीक्षा मोटर थांबायला हवी तेव्हा असते.

पहिली चूक स्टॉपची. स्टॉप पुशबटन एनसी असतं, म्हणून लॅडरमध्येही `|/|` टाकलं जातं. पण एनसी बटणातून पीएलसीच्या इनपुटला सतत २४ व्होल्ट मिळत असतात आणि कोणी बटण दाबलेलं नसताना इनपुटचा दिवा लागलेला असतो. त्यामुळे लॅडरमध्ये तिथे साधा `| |` हवा. `|/|` टाकलं तर मोटर सुरूच होत नाही. एवढ्यावर चूक दुरुस्त झाली तर ठीक, पण घाईतला माणूस लॅडर तसंच ठेवतो आणि स्टेशन उघडून बटणाचा ब्लॉक बदलून एनओ बसवतो. मोटर मग व्यवस्थित चालते आणि थांबतेही. काही महिन्यांनी थरथरीने स्टॉपची वायर टर्मिनलमधून निसटते, आणि ऑपरेटर बटण दाबत राहतो तरी मोटर फिरतच राहते. एनसी वायरिंगमध्ये हीच वायर निसटली असती तर मोटर तिथल्या तिथे बंद पडली असती. चूक लॅडरमध्ये असेल तर लॅडरच बदला, बटणाला हात लावू नका.

दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण ती महिनोन्‌महिने दिसत नाही. कन्व्हेयरची ३.७ किलोवॉटची मोटर घ्या, नेमप्लेटवर ७.५ अँपिअर. ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा एनसी संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये आहे, आणि ते बरोबरच आहे. पण लॅडरमधलं होल्डिंग `MOTOR` या आउटपुटच्याच बिटवरून घेतलंय आणि ट्रिपची खबर पीएलसीला दिलेलीच नाही. पट्टा अडकला, रिले ट्रिप झाला, कॉन्टॅक्टर पडला. पीएलसीच्या लेखी मात्र मोटर चालूच आहे, कारण आउटपुट अजून चालू आहे. रिले ऑटो रीसेटवर असेल तर काही मिनिटांत बायमेटल थंड होतं, ९५-९६ पुन्हा जुळतो आणि कॉन्टॅक्टर आपोआप ओढला जातो. नेमका त्याच वेळी कोणीतरी पट्ट्यात अडकलेला माल हाताने काढत असतो.

म्हणून होल्डिंग कॉन्टॅक्टरच्या १३-१४ या सहायक संपर्कावरून घ्यायचं आणि ओव्हरलोड रिलेचा ९७-९८ हा एनओ संपर्क दुसऱ्या इनपुटवर आणायचा:

```
 STOP_PB  OL_TRIP    START_PB        MOTOR
---| |------|/|----+---| |---+--------( )
                   |   AUX   |
                   +---| |---+
```

९७-९८ ची वायर तुटली तरी काळजी नाही. ट्रिप झाला की ९५-९६ कॉइल सोडतो, `AUX` उघडतो आणि होल्डिंग जातं. कंट्रोलचा एमसीबी पडला तरी हेच घडतं. रिले मॅन्युअल रीसेटवरच ठेवा.

या पद्धतीत एक खोच आहे. `START_PB` ला वन-शॉट लावला तर आउटपुट एकाच स्कॅनपुरता, म्हणजे काही मिलिसेकंद चालू राहतो. कॉन्टॅक्टर ओढायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे `AUX` येण्याआधीच आउटपुट जातो आणि मोटर उठतच नाही. वन-शॉट काढून टाका. बटण दाबून धरेपर्यंतच मोटर चालत असेल तर ऑनलाइन `AUX` बघा: १३-१४ ची वायर किंवा संपर्क यापैकी काहीतरी गेलेलं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. समांतर फांदी फक्त स्टार्टभोवती हवी, ती स्टॉपलाही वळसा घालून गेली तर मोटर थांबणारच नाही. एकच आउटपुट कॉइल दोन ओळींत लिहिली तर खालची ओळ जिंकते, आणि वरची ओळ ऑनलाइन बरोबर दिसत असूनही मोटर उठत नाही. होल्डिंगऐवजी सेट-रीसेट वापरू नका, ते बिट रिटेंटिव्ह असेल तर वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होते. आणि रिले सारखा ट्रिप होतो म्हणून डायल ७.५ वरून ९ वर नेणारा माणूस मोटर जाळायची तयारी करत असतो. आधी बेअरिंग तपासा आणि तिन्ही फेजचा करंट मोजा.

तपासणी अशी करा. मोटरची पॉवर बंद ठेवा, फक्त कंट्रोल सप्लाय चालू. स्टार्ट दाबा, कॉन्टॅक्टर ओढला की रिलेवरचं टेस्ट बटण दाबा, तो पडला पाहिजे. मग रीसेट करा, कॉन्टॅक्टर तसाच पडलेला राहिला पाहिजे. पुन्हा सुरू करून स्टॉपची वायर टर्मिनलमधून काढा, तो पडला पाहिजे. वायर परत लावा, सुरू करा, कंट्रोल सप्लाय बंद करून परत द्या. या वेळीही स्टार्ट दाबल्याशिवाय कॉन्टॅक्टर हलता कामा नये.