ॲनिमेशनची स्क्रिप्ट : जे काढता येईल तेच लिहा

माहितीपर ॲनिमेशनच्या बऱ्याच स्क्रिप्ट आधी लेख म्हणून लिहिल्या जातात आणि मग चित्रकाराच्या गळ्यात मारल्या जातात. 'संतुलन' आलं की तो तराजू काढतो, 'जागरूकता' आली की पेटलेला बल्ब, 'समाज' म्हटलं की हातात हात घालून उभी माणसं. दीड मिनिटाची फिल्म दिसते छान, पण बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यात चित्रकाराचा दोष नसतो, त्याला काढण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

ओआरएसवरच्या फिल्मसाठी आलेला हा मसुदा नमुना म्हणून घेऊ. अशी भाषा आरोग्यविषयक स्क्रिप्टमध्ये नेहमीच भेटते :

"अतिसारामुळे शरीरातील पाणी व क्षारांचे संतुलन बिघडते. अशा वेळी ओआरएस हा सोपा, सुरक्षित व प्रभावी उपाय ठरतो. त्यातील घटक हे संतुलन पुनर्स्थापित करतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाने याबाबत जागरूक असणे गरजेचे आहे."

आधी दोन रकाने आखा. डावीकडे निवेदन, उजवीकडे चित्र. एकेका वाक्यासमोर कोण दिसतंय, ते काय करतंय आणि दृश्य संपताना काय बदललेलं असेल, एवढं लिहा. तिन्हींची उत्तरं मिळाली तर वाक्य राहू द्या. उजवीकडे 'आयकॉन', 'ग्राफिक' किंवा 'योग्य ते दृश्य' असं लिहावंसं वाटलं, तर त्या वाक्यावर लाल खूण करा. आपल्या नमुन्यात चारही वाक्यं लाल होतात.

बिघाड अंगावर दाखवा. 'संतुलन बिघडते' हे कुणालाच दिसत नाही, पण त्याच्या खुणा दिसतात आणि डॉक्टर त्याच तपासतात. मूल मलूल होतं, डोळे खोल जातात. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर निरोगी मुलाची लगेच सपाट होते. अंगातलं पाणी बरंच कमी झालेल्या मुलाची घडी तशीच उभी राहते आणि सावकाश खाली बसते. ॲनिमेशनसाठी याहून सोयीचं दृश्य शोधून सापडणार नाही : हलणारी गोष्ट एकच, आणि फरक आहे तो वेगाचा.

चित्र : मुलाच्या पोटाजवळ आईचा हात. चिमटी सुटते. कातडीची घडी हळूहळू बसते.
निवेदन : "अंगातलं पाणी कमी झालंय, ते असं कळतं."

मूळ वाक्यातला 'पाणी' एवढाच शब्द उरला, तरी अर्थ सगळा आला.

'पुनर्स्थापित करतात' दिसलं की थांबा. तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड, कारण ओआरएस नेमकं काय करतं हे लिहिणाऱ्याने तिथे शिताफीने टाळलंय. इथे शब्द बदलून भागत नाही, विषय वाचावा लागतो. वाचल्यावर कळतं ते असं : लहान आतड्याच्या भिंतीतल्या पेशींमध्ये एक वाट असते, जिच्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात. ग्लुकोजचा एक कण, सोडियमचे दोन. ते आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी भिंत ओलांडतं. जुलाब होत असतानाही, अगदी कॉलऱ्यातसुद्धा, ही वाट बहुतेक वेळा चालू असते. नुसत्या पाण्याला मात्र अशी ओढ मिळत नाही.

आता चित्र आपोआप सुचतं.

चित्र : आतड्याची भिंत, तिच्यात बंद दार. पाणी दारावरून पुढे वाहून जातं. मग साखरेचा षटकोनी कण आणि मिठाचे दोन गोल कण एकत्र येतात. दार उघडतं, तिघं आत जातात. पाठोपाठ पाणी भिंत ओलांडून रक्तवाहिनीत उतरतं.
निवेदन : "नुसतं पाणी पुढे निघून जातं. साखर आणि मीठ बरोबर आले, की ते आत येतं."

दोन गोष्टी इथे ध्यानात घ्या. 'नुसतं पाणी पुरत नाही' यातला नकार काढता येत नाही, म्हणून आधी फसलेला प्रयत्न दाखवला आणि मग जमलेला. दुसरं, कण ओळखू यावेत म्हणून आकार वेगळे दिले. केवळ रंगावर विसंबलात, तर हलक्या मोबाइलच्या पडद्यावर किंवा उन्हात दोन्ही सारखेच दिसतात.

या टप्प्यावर कुणीतरी दाराशी मिशीवाला वॉचमन उभा करायला सांगेलच. नाही म्हणा. लोकांना वॉचमन लक्षात राहतो, साखर-मिठाची जोडी विसरली जाते.

विशेषणांच्या जागी हात ठेवा. 'सोपा' म्हणजे काय? पाकीट फाडलं, सगळी पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात टाकली, ढवळली, चमच्याने पाजली. एवढं दाखवलं की 'सोपा' म्हणायची गरजच पडत नाही. घरोघरी मापाचं भांडं नसतं, म्हणून एक लिटरची पाण्याची बाटली काढा. बाजारात 200 मिलिलिटर पाण्यासाठीची छोटी पाकिटंही मिळतात. तेव्हा पाकिटावरचं माप वाचणारं बोटही फ्रेममध्ये हवं.

'सुरक्षित' हा शब्द तर इथे अर्धवटच खरा आहे. लिटरचं पाकीट एकाच ग्लासात ढवळलं तर द्रावण फार तीव्र होतं आणि अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. ही चूक घरात सहज होते, म्हणून ती दाखवा. त्यासाठी नवं चित्र लागत नाही. तीच भिंत, फक्त पाणी उलट्या दिशेने. एकच पार्श्वभूमी दोनदा वापरली की खर्च वाचतो, आणि आधीची दिशा डोळ्यांत बसलेली असल्यामुळे उलटी लगेच खटकते. 'प्रभावी' सरळ काढून टाका.

उपदेशाची कृती करा. चौथ्या वाक्याला विचारा, फिल्म पाहिलेलं कुटुंब उद्या वेगळं काय करेल? घरात पाकीट आणून ठेवेल. मुलाने उलटी केली तर पाजणं सोडून न देता दहा मिनिटं थांबेल आणि मग आणखी हळू, चमचा-चमचा देईल. इथे उलटी, भिंतीवरचं घड्याळ, पुन्हा चमचा, असे तीन शॉट पुरतात. चमचा ओठाशी नेऊनही मूल गिळत नाही, मान टाकतं, तर आई त्याला उचलून दवाखान्यात नेते. हे दृश्य वेळ कमी पडला तरी कापू नका.

आता निवेदन छाटा. मराठी निवेदनाला सेकंदाला दोन शब्द धरले, तर दीड मिनिटात 180 शब्द बसतात. पण तेवढे वापरायलाच हवेत असं नाही. पाकीट रिकामं होताना दिसत असेल, तर "आता पाकिटातील पूड पाण्यात टाका" म्हणू नका. "सगळं पाकीट, एक लिटर पाणी" बस झालं. चित्रातून न कळणारा आकडा मात्र निवेदनात आणि पडद्यावर, दोन्हीकडे द्या. तयार पाणी 24 तासांनंतर टाकून द्यायचं, हा तसाच एक.

शेवटी आवाज बंद करून पाहा. पेन्सिलची कच्ची चित्रं क्रमाने लावा आणि विषय ठाऊक नसलेल्या माणसाला न बोलता दाखवा. मग "काय झालं ते सांगा" एवढंच विचारा. "काहीतरी आरोग्याचं आहे" असं उत्तर आलं, तर तो नेमका कुठल्या चित्रापाशी गोंधळला ते शोधा आणि त्याच्या उजव्या रकान्यावर परत या. "साखर-मीठ बरोबर असलं तरच दार उघडतं" असं तो आपणहून म्हणाला, तर तेच कागद डॉक्टरांना तपासायला द्या. रंग भरायला घ्यायच्या आधी, कारण पाण्याची दिशा चुकली असेल तर आता खोडरबराने भागतं.