इन्सुलिन पेन कसे वापरावे आणि टोचायची जागा कशी बदलत राहावी

तुम्हाला नुकतेच ३०/७० मिश्र इन्सुलिन सुरू झाले असेल, म्हणजे सकाळी नाश्त्याआधी एकदा आणि रात्री जेवणाआधी एकदा, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. किती युनिट घ्यायचे आणि जेवणाआधी किती वेळ घ्यायचे हे डॉक्टर सांगतील. ह्यूमन ३०/७० असेल तर साधारण अर्धा तास आधी घेतात. इथे पेन कसे धरायचे आणि सुई कुठे टोचायची एवढेच पाहू. टोचणे दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. उपचार बिघडतो तो बहुतेक वेळा जागेमुळे, म्हणून लेखाचा मोठा भाग जागेवर आहे.

टोचण्याआधी

हात साबणाने धुवा. मिश्र इन्सुलिनमध्ये पांढरा गढूळ भाग खाली बसतो. पेन दोन्ही तळव्यांमध्ये धरून १० वेळा घोळवा, मग १० वेळा सावकाश वर-खाली उलटे करा. ताकासारखे जोरात हलवू नका, फेस आणि बुडबुडे होतात. सगळीकडे सारखा दुधी रंग आला की तयार. गुठळ्या दिसल्या किंवा काचेच्या भिंतीला पांढरे कण चिकटलेले दिसले तर ते कार्ट्रिज वापरू नका. हे घोळवणे राहून गेले, तर एके दिवशी पातळ भाग जास्त जातो आणि दुसऱ्या दिवशी गढूळ भाग, आणि साखरेचा मेळ बसत नाही.

नवी सुई लावा, पेनचे तोंड वर करा, २ युनिट डायल करून बटण दाबा. टोकावर थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा २ युनिट सोडा. हे दर वेळी करायचे, कारण सुईत हवा असेल तर डायलवर १८ दिसले तरी शरीरात १८ जात नाहीत.

टोचताना

त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी. स्पिरिट लावले असेल तर ते वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचले की झोंबते. ४ मिलिमीटरची सुई सरळ, काटकोनात टोचा. माणूस जाड असो वा सडपातळ, त्वचेची जाडी दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ही सुई त्वचेखालच्या चरबीपर्यंत पोचते आणि सहसा चिमटीची गरज पडत नाही. फारच सडपातळ माणसाने आणि ६ किंवा ८ मिलिमीटरची सुई वापरणाऱ्याने चिमटी धरावी, नाहीतर इन्सुलिन स्नायूत जाते. तिथून ते लवकर शोषले जाते आणि साखर एकदम खाली येते.

बटण पूर्ण दाबा, डायल शून्यावर आला की मनात सावकाश १० पर्यंत मोजा आणि मगच सुई काढा. घाईने काढली तर टोकातून थेंब गळतो. तो गेलेला डोस असतो, पण अंदाजाने जास्तीचे टोचू नका. रक्ताचा बारीक थेंब आला तर बोटाने हलके दाबून धरा, चोळू नका. सुई लगेच काढून टाका. पेनवर तशीच राहिली तर हवा आत जाते आणि इन्सुलिन गळते.

जागेचे वेळापत्रक

सकाळचे इन्सुलिन पोटावर घ्या, तिथून ते लवकर शोषले जाते. रात्रीचे मांडीवर घ्या, तिथून हळू शोषले जाते आणि रात्री साखर घसरण्याची भीती कमी राहते. आज पोट, उद्या मांडी अशी अदलाबदल एकाच वेळेच्या इन्सुलिनसाठी करू नका.

बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पना करा. पोटाचे चार भाग होतील. बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडा. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे काचतो ती रेघही सोडा. आता पहिला आठवडा उजवा वरचा भाग, दुसरा डावा वरचा, तिसरा डावा खालचा, चौथा उजवा खालचा, मग पुन्हा पहिल्यापासून. एका भागात सात टोचण्या बसवायच्या: वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत तीन, प्रत्येकीत एका बोटाचे अंतर. सोमवारी वरच्या ओळीतला पहिला बिंदू, मंगळवारी दुसरा, असे रविवारपर्यंत. वार माहीत असला की आजचा बिंदू कोणता ते आठवत बसावे लागत नाही. आठवड्याचा भाग मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर सोमवारी लिहून ठेवा.

मांडीसाठी एक आठवडा उजवी, पुढचा डावी. बाजू वरची, पुढची आणि बाहेरची. आतली बाजू आणि गुडघ्याजवळची जागा नको.

गाठ कशी ओळखायची

एकाच जागी वारंवार टोचले, किंवा एकच सुई पुन्हा पुन्हा वापरली, की तिथली चरबी फुगते आणि रबरासारखी गाठ होते. डोळ्यांना ती दिसेलच असे नाही. आंघोळीच्या वेळी साबण लावलेली बोटे पोटावर आणि मांडीवर गोल फिरवा. मऊ त्वचेवरून बोट अचानक कडक, फुगीर जागेवर येते. शेजारच्या त्वचेची पातळ चिमटी येते, गाठीची येत नाही. अशा जागी सुई कमी दुखते, म्हणूनच हात नकळत तिथेच जातो. महिन्यातून एकदा हे तपासा.

यात काय होते ते एका उदाहरणात पाहा. समजा, धनकवडीच्या एका काकू वर्षभर बेंबीच्या उजवीकडे, हाताला सोपे पडते म्हणून, त्याच रुपयाएवढ्या जागेत सकाळचे १८ युनिट टोचतात. तिथे गाठ होते. गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषले जाते, कधी उशिरा, म्हणून दुपारची साखर कधी २६०, कधी १४०. जेवण तेच, डोस तोच. डॉक्टरांना गाठ माहीत नाही, त्यामुळे डोस वाढत २४ वर जातो. मग कोणी जागा बदलायला सांगते आणि काकू डाव्या बाजूच्या निरोगी जागेत तेच २४ टोचतात. आता पूर्ण इन्सुलिन शोषले जाते. साडेअकराला घाम, हात थरथरतात, ग्लुकोमीटरवर ६२.

म्हणून गाठ सापडली तर तिथे टोचणे थांबवा आणि नव्या जागी पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून सांगा. बऱ्याचदा डोस कमी करावा लागतो, पण किती ते त्यांनीच ठरवायचे. पुढचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासा. ७० च्या खाली गेली तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. गाठ विरायला महिने लागतात, तोवर तिला हात लावायचा नाही.

दोन चुका ज्या महागात पडतात

पेनच्या कार्ट्रिजमधले इन्सुलिन सिरिंजने कधीही काढू नका. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असते आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. पेनमधले सहसा १०० युनिटचे असते. त्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात.

दुसरी चूक साठवणीची. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरजवळ नको. वापरातले पेन घरात ३० अंशांखाली ठेवता येते, किती दिवस ते पाकिटावर पाहा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात घरेही तापतात, तेव्हा पेन झाकणाच्या डब्यात घालून डबा माठाशेजारच्या गारव्यात ठेवा. स्कूटरच्या डिकीत कधीच नको.

वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, उदाहरणार्थ फिनेलच्या रिकाम्या बाटलीत. भरली की झाकण घट्ट लावून टेप गुंडाळा, वर ‘सुया’ लिहा आणि कचरावेचक ताई-दादांच्या हातात वेगळी, सांगून द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळी टाकलेली सुई त्यांच्याच बोटात जाते.