सिझन सेल लावताय? प्लॅनमधल्या या चुका टाळा

सेल लावला, पोस्ट रोज टाकल्या, गर्दी पण झाली आणि शेवटी हिशोब केला तर हातात काहीच उरलं नाही, असं बऱ्याच छोट्या दुकानदारांचं होतं. मग दोष पोस्टला दिला जातो, पण गडबड बहुतेक वेळा ऑफर ठरवतानाच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळ्या मालावर सरसकट एकच सूट. एखादी वस्तू तुम्हाला 60 ला पडते आणि 100 ला विकता, म्हणजे 40 सुटतात. 20 टक्के सूट दिली की विक्री 80 ला पण खरेदी 60 च, म्हणजे सुटले 20. आधीइतके पैसे सुटायला आता दुप्पट नग विकायला लागणार, आणि 30 टक्के दिलेत तर चौपट! तेवढा माल तरी आहे का दुकानात? म्हणून आधी मालाची वाटणी करा. सिझन गेला की कोणी विचारणार नाही असा माल मोठी सूट देऊन काढा, कारण तिथे अडकलेला पैसा मोकळा करायचाय. जो माल तसाही खपतोय त्याला हात लावू नका, फार तर दोन घेतले तर थोडं कमी करा.

टायमिंगमध्ये लोक घाई करतात. 10 दिवसांचा सेल पंधरा-वीस दिवस आधीच जाहीर केला की गिऱ्हाईक थांबून राहतं आणि चालू विक्री पण बसते. 3-4 दिवस आधी सांगितलं तरी पुरे, जुन्या गिऱ्हाइकांना मात्र बाकीच्यांच्या एक दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा.

क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे पोस्टच्या चित्रात, एकच वस्तू घ्या, जुनी किंमत, नवी किंमत, शेवटची तारीख, बास. दहा फोटो आणि चार ऑफर एकाच पोस्टमध्ये कोंबल्या की मोबाईलवर काहीच वाचता येत नाही. '50 टक्क्यांपर्यंत सूट' लिहून आत दोनच वस्तूंवर 50 टक्के ठेवू नका, लोक चिडून परत जातात.

पोस्ट किती टाकायच्या? माझ्या मते पहिले आणि शेवटचे दोन दिवस रोज दोन, मधे रोज एक, पण वस्तू दरवेळी वेगळी. तेच बॅनर रोज टाकलं की लोक न बघताच पुढे जातात.

सेल चालू असताना कुठे अडतंय हे तिसऱ्या दिवशीच बघा. पोस्ट बघतायत पण कोणी विचारत नाही, तर ऑफर नीट कळत नाहीये किंवा त्यात दम नाही. विचारतायत पण घेत नाहीत, तर बहुतेक हवा तो साइज किंवा रंगच शिल्लक नसतो, मग ती वस्तू पोस्टमधून काढा आणि जिचा स्टॉक भरपूर आहे ती पुढे आणा. आणि माल उरला म्हणून शेवटची तारीख पुढे ढकलू नका, पुढच्या सेलला तुमच्या तारखेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. उरलेला माल नंतर वेगळ्या नावाने, वेगळ्या ऑफरमध्ये काढा.