खतावणीच्या फोटोवरून ‘नावे’ आणि ‘जमा’ एका रकान्यात आणताना या चुका टाळा

खत-बियाण्यांच्या दुकानातली उधारीची खतावणी घ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं, त्यावर तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक. पानांचे फोटो काढले, मोबाइलमधल्या मजकूर-ओळख सुविधेने आकडे एक्सेलमध्ये आणले, आता नावे आणि जमा मिळून एकच ‘रक्कम’ रकाना हवा आहे, अधिक-उणे चिन्हासह. हिशोब म्हणून ही साधी वजाबाकी आहे. घोळ होतो तो वजाबाकीच्या आधी.

पहिला प्रश्न चिन्हाचा. गिऱ्हाइकाच्या खात्यात नावे म्हणजे त्याच्याकडून येणं वाढलं, म्हणून अधिक. जमा म्हणजे त्याने पैसे दिले, म्हणून उणे. हे एकदा ठरवून तक्त्याच्या वरच लिहून ठेवा. बँकेच्या पासबुकात जमा म्हणजे खातेदाराची शिल्लक वाढली. त्यामुळे पासबुकाची सवय असलेला माणूस नकळत उलटं चिन्ह देतो. दुसरं, रकान्यांचा क्रम गृहीत धरू नका. इंग्रजी पद्धतीच्या लेजरमध्ये नावे डावीकडे असतं, जुन्या देशी पद्धतीच्या खतावणीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. एकाच दुकानाच्या जुन्या आणि नव्या वह्यांत दोन्ही पद्धती सापडू शकतात, म्हणून प्रत्येक वहीचं शीर्षक वाचूनच रकाने जोडा.

आता खरी अडचण. खतावणीच्या एका ओळीत नावे आणि जमा यांपैकी एक घर बहुधा रिकामं असतं. फोटो तिरका असला किंवा शिवणीजवळ पान वाकलेलं असलं, की मजकूर ओळखणाऱ्याला ते रिकामं घर दिसतच नाही आणि जमेचा आकडा सरकून नावेत जाऊन बसतो. आकडा अगदी बरोबर वाचलेला असतो, फक्त बाजू चुकलेली असते. नुसत्या आकड्यांवरून नजर फिरवून हे सापडत नाही. सापडतं ते शिल्लक रकान्यामुळे, म्हणून तो रकाना ‘आपल्याला नको’ म्हणून वगळण्याची चूक अजिबात करू नका.

एक पान पाहू. आरंभीची शिल्लक ४,२०० ना. नंतर ३ एप्रिलला युरिया १,३५० नावे, शिल्लक ५,५५० ना. ९ तारखेला रोख २,००० जमा, शिल्लक ३,५५० ना. १५ ला बियाणं ८७५.५० नावे, शिल्लक ४,४२५.५० ना. २२ ला रोख ५,००० जमा, शिल्लक ५७४.५० ज. २८ ला खुरपी २६० नावे, शिल्लक ३१४.५० ज. एक्सेलमध्ये C नावे, D जमा, E शिल्लक आणि F मध्ये ‘ना.’ किंवा ‘ज.’ ठेवा. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक, तिसरीपासून व्यवहार.

```
G3: =C3-D3
H2: =IF(LEFT(F2,1)="ज",-E2,E2)
I3: =ROUND(H2+G3-H3,2)
```

G हा आपला हवा असलेला रकाना. H मध्ये वहीतली शिल्लक चिन्हासह येते. हे सूत्र खाली सगळ्या ओळींत ओढा. ही पायरी चुकवली तर २२ तारखेला, जिथे गिऱ्हाइकाचे पैसे जास्त झाले आणि शिल्लक ‘ज.’ झाली, तिथे बरोबर नोंदही चुकीची वाटेल. I प्रत्येक ओळीत शून्य यायला हवा.

तो शून्य आला नाही, तर आकडाच चूक कोणती ते सांगतो. समजा ९ तारखेचे २,००० सरकून नावेत गेले. त्या ओळीत I मध्ये ४,००० दिसेल, म्हणजे रकमेच्या दुप्पट. फरक दुप्पट असला की बाजू चुकली. समजा १५ तारखेची शिल्लक ४,४२५.५० ऐवजी ४,४८५.५० अशी वाचली गेली. मग त्या ओळीत −६० आणि पुढच्या ओळीत ६० येईल. लागोपाठच्या दोन ओळींत सारखाच फरक उलट चिन्हांनी आला, तर रक्कम ठीक आहे, शिल्लक चुकीची वाचली आहे. आणि पुष्कळ वह्यांत रुपये आणि पैसे यांच्यामध्ये फक्त एक उभी लाल रेघ असते, टिंब नसतं. ८७५ आणि ५० चिकटून ८७,५५० झाले, तर फरक ८६,६७४.५० येतो, बरोबर ९९ पट. असा एक आकडा दिसला की त्या वहीतली सगळी पानं पैशांच्या रेघेसाठी पुन्हा तपासा, कारण ही चूक बहुधा एकटी येत नाही.

इथे G3 साठी बरेच जण दुसरं सूत्र वापरतात:

```
=SUM(C3)-SUM(D3)
```

कारण C3-D3 कधीकधी #VALUE! दाखवतं. रिकाम्या घराच्या जागी ‘-’ असं चिन्ह आलं किंवा ‘१,३५०/-’ असा मजकूर आला, की असं होतं. SUM हे सगळं मुकाट्याने शून्य धरतं. चूक दिसेनाशी होते, पण व्यवहारही हरवतो. #VALUE! दिसू द्या आणि मूळ घर दुरुस्त करा. ‘-’ काढून टाकताना शोधा-बदला मध्ये Match entire cell contents निवडा, नाहीतर खऱ्या आकड्यांतलं उणे चिन्हही उडेल. देवनागरी आकडे आधीच इंग्रजी अंकांत बदलून घ्या. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ वर मुद्दाम लक्ष ठेवा.

पानाच्या तळाशी बेरजा असतात आणि पुढच्या पानावर ‘मागील पानावरून’ म्हणून त्याच येतात. आपल्या पानावर नावे २,४८५.५० आणि जमा ७,०००. ही ओळ व्यवहार समजून खाली ओढली, तर −४,५१४.५० ची एक भुताटकी नोंद तयार होते आणि एप्रिल महिना दोनदा मोजला जातो. या ओळींना G मध्ये काही देऊ नका. बेरजा फेकूनही देऊ नका. शिल्लक रकाना नसलेल्या वहीत तपासणीसाठी त्याच एवढ्या हाताशी असतात: नावेची बेरीज २,००० ने जास्त आणि जमेची तेवढ्यानेच कमी निघाली, तर एखादी जमा सरकून नावेत गेली आहे. एकाच रकान्यात आणल्यावर दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगळ्या दिसणार नाहीत, म्हणून ही तपासणी जोडण्याआधी करा आणि C, D रकाने नंतरही ठेवा.

तारखेनुसार क्रम लावण्याची घाईही नको. I चं सूत्र वरच्या ओळीवर टेकलेलं आहे. क्रम बदलला की सगळी तपासणी निरर्थक होते. आधी पान क्रमांक आणि ओळ क्रमांक असे दोन रकाने घाला, मग हवा तसा क्रम लावा.

कधी असंही होतं की फोटो, वाचन, सूत्र सगळं बरोबर असूनही I शून्य येत नाही. मग वही हातात घ्या. शिल्लक काढताना लिहिणाऱ्याचीच बेरीज चुकलेली असू शकते, आणि त्यानंतरच्या शिलकी त्या चुकीच्या शिलकीवरूनच पुढे गेलेल्या असतात, म्हणून फरक फक्त त्या एकाच ओळीत दिसतो. अशा वेळी आकडा जुळवून घेऊ नका. रक्कम वहीत आहे तशी ठेवा, शेजारी शेरा लिहा आणि दुकानमालकाला दाखवा. गिऱ्हाइकाशी बोलायचं की नाही, ते त्याने ठरवायचं.