विद्यार्थ्यांची अभिप्रेरणा मोजताय? या चुका टाळा

एम.एड.चे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे आराखडे वाचताना मी सगळ्यात आधी कार्यात्मक व्याख्येचं पान उघडते. बहुतेक वेळा तिथे एकच वाक्य असतं: 'प्रस्तुत संशोधनात अभिप्रेरणा म्हणजे विद्यार्थ्याने अभिप्रेरणा प्रश्नावलीत मिळवलेले गुण.' एवढ्यावर तो भाग संपतो. प्रश्नावली नेमकं काय मोजते, त्यातली विधानं कुठून आली, दुसरं काही न मोजता अभिप्रेरणाच कशावरून मोजली, यातल्या कशालाच हे वाक्य उत्तर देत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतली मुलं तळमळीने काम करतात, शाळाशाळांत फिरतात, आणि या एका पानाच्या घाईमुळे सगळी मेहनत वाया जाते. म्हणून हे लिहिते आहे.

हजेरीपटाला अभिप्रेरणा समजणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला आपण फार पक्कं काम केलं असं वाटतं. हजेरी आकड्यात असते, शाळेत तयार मिळते, तिच्यासाठी मुलांना प्रश्न विचारावे लागत नाहीत.

एका विद्यार्थ्याने आठवीच्या मुलांची अभिप्रेरणा मोजायला हाच मार्ग धरला. पारोळा तालुक्यातली एक माध्यमिक शाळा आणि चोपड्याकडची एक आश्रमशाळा, दोन्हीकडचे दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीचे हजेरीपट त्याने घेतले. निष्कर्ष असा निघाला की आश्रमशाळेतल्या मुलांची अभिप्रेरणा जास्त, आणि पारोळ्याच्या शाळेत मुलींची अभिप्रेरणा मुलांपेक्षा कमी. टी-मूल्य सार्थ आलं होतं. मी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हजेरी तर शाळेची अधिकृत नोंद आहे. तिच्यात चूक कशी निघेल?"

नोंदीत चूक नव्हतीच. मी त्याला त्याच वर्गाचे जुलै आणि जानेवारीचे हजेरीपट आणायला सांगितले. जुलैत मुलींची हजेरी मुलांच्या बरोबरीने होती, जानेवारीत पुन्हा तशीच. मधल्या काळात मात्र ती एकदम खाली आली होती, आणि ठरावीक मुलींचीच नव्हे, वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींची एकाच पंधरवड्यात. वर्गशिक्षकांना विचारलं तर त्यांनी एका दमात उत्तर दिलं, "मॅडम, कापूस येचाले गयात पोरी." वेचणीचा हंगाम, मजुरांची ओढ, घरची आई वेचणीला गेलेली. मग मुलगी एकतर तिच्यासोबत शेतात, नाहीतर घरी लहान भावंडाजवळ. तिला बीजगणित आवडतं की नाही, याचा त्या गैरहजेरीशी काही संबंध नव्हता.

आश्रमशाळेचा घोटाळा वेगळा होता. तिथे मुलं शाळेतच राहतात. सुट्टीवर घरी गेलेलं मूल सोडलं तर जवळजवळ सगळेच रोज हजर. सगळ्यांचा आकडा सारखाच असेल तर तो दर्शक एका मुलाला दुसऱ्यापासून वेगळं दाखवू शकत नाही. जिथे फरकच पडत नाही तिथे काही मोजलं गेलं असं म्हणताच येत नाही. म्हणजे एका शाळेत हजेरी वेचणीचा हंगाम मोजत होती आणि दुसऱ्या शाळेत वसतिगृहाची व्यवस्था, आणि या दोन आकड्यांची तुलना करून निष्कर्ष काढला होता अभिप्रेरणेचा.

हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. दर्शक महिन्यांप्रमाणे मांडून पाहायचा. तो सगळ्या वर्गाचा एकाच वेळी पडत-चढत असेल, तर कारण मुलाच्या मनात नाही, बाहेर आहे. हजेरी वापरायचीच असेल तर त्या महिन्याच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा हे मूल किती वर किंवा खाली आहे, एवढंच घ्यावं, वेचणीचे महिने वगळावेत, आणि तरीही तिला दुय्यम पुरावाच मानावं. घरच्या मजुरीची गरज प्रत्येक मुलाला वेगळी असते, ती या वजाबाकीने जात नाही.

परीक्षेचे गुण

हेही याच जातीचं. गुणांवरून अभिप्रेरणा ठरवायची आणि मग 'अभिप्रेरणा व संपादणूक यांत सहसंबंध आढळला' असं लिहायचं. दोन्ही बाजूंना एकच चल असल्यावर सहसंबंध येणारच.

सगळ्या विधानांची एकच बेरीज

आता दुसरी मोठी चूक. ही प्रश्नावली वापरणाऱ्यांची. तयार प्रश्नावली उतरवून घ्यायची, भाषांतर करायचं, पाच बिंदूंची पदनिश्चयन श्रेणी लावायची, सगळे गुण एकत्र करायचे, आणि एसपीएसएसमध्ये अल्फा ०.७ च्या वर आला की 'साधन विश्वसनीय आहे' असं लिहून पुढे जायचं.

दोन विधानं पाहा. 'गणित सोडवताना वेळ कसा गेला ते कळत नाही.' आणि 'अभ्यास केला नाही तर घरचे रागावतात, म्हणून मी गणिताला बसतो.' एका मुलाने पहिल्याला 'पूर्ण सहमत' म्हटलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या विधानाला, तर दोघांनाही पाच-पाच गुण मिळतात. पण पहिलं मूल गोडीने बसलेलं आहे आणि दुसरं धाकाने. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतात हा भेदच मुख्य आहे: मूल किती अभ्यास करतं याबरोबरच ते कशासाठी करतं हे पाहायचं. व्हॅलेरँड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंग्रजीत आणलेल्या शैक्षणिक अभिप्रेरणा श्रेणीत २८ विधानं आणि सात उपश्रेणी आहेत. त्यातली एक उपश्रेणी अभिप्रेरणेच्या अभावाचीच आहे, म्हणजे 'मी शाळेत का येतो तेच मला समजत नाही' अशा स्वरूपाची विधानं. ही उपश्रेणी एकूण बेरजेत सरळ मिळवलेले प्रबंध मी वाचले आहेत. ज्या मुलाला शाळेत कशाला यायचं हेच कळत नाही, त्याची अभिप्रेरणा त्या बेरजेत वाढते.

मग अल्फाने हे पकडायला नको का? नाही पकडत. अल्फा विधानांच्या आपसातल्या सरासरी सहसंबंधावर अवलंबून असतो, तसाच विधानांच्या संख्येवरही. प्रमाणित अल्फाचं सूत्र असं आहे:

```
alpha = k*r / (1 + (k-1)*r)
```

यात `k` म्हणजे विधानांची संख्या आणि `r` म्हणजे सरासरी सहसंबंध. विधानं ३० आणि सरासरी सहसंबंध फक्त ०.१० धरा. वर येतात ३, खाली ३.९, अल्फा ०.७७. एकमेकांशी जेमतेम नातं असलेली तीस विधानं एकत्र केली तरी ०.७ ओलांडलं जातं. याउलट सहाच विधानं, पण सहसंबंध ०.४०, तर अल्फा ०.८०. दोन्ही आकडे प्रबंधात सारखेच शोभून दिसतात. एकमेकांशी घट्ट नातं असलेली विधानं मात्र फक्त दुसऱ्या संचात आहेत. 'सर्व विधाने एकच संकल्पना मोजतात' हे अल्फावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण करावं, आणि नमुना लहान असेल तर निदान प्रत्येक उपश्रेणीचा अल्फा वेगळा द्यावा आणि विधानांचे आपसातले सहसंबंध स्वतः डोळ्यांनी पाहावेत. मी विद्यार्थ्यांना तो पूर्ण तक्ता छापून आणायलाच लावते. ऋण सहसंबंध असलेलं विधान दिसलं की एकतर उलट गुणदान करायचं राहून गेलेलं असतं, नाहीतर ते विधान त्या उपश्रेणीचं नसतंच.

'पंधरा दिवसांत डेटा गोळा करायचा आहे' म्हणणाऱ्यांना हे नको वाटतं. त्यांना मी सांगते की विधानं कमी करा, उपश्रेणी कमी करा, विषय एकच घ्या. घाई असेल तर संकल्पना लहान करायची असते, तपासणी नव्हे.

लहान पण नडणाऱ्या

एका विधानात दोन गोष्टी: 'मला गणित आवडते व मी रोज गृहपाठ करतो.' आवडतं पण गृहपाठ करत नाही, त्या मुलाने कुठे खूण करायची?

वर्गशिक्षकांच्या हाती, नावासकट फॉर्म भरून घेणं. सगळे 'पूर्ण सहमत' येतात.

पुस्तकी मराठीतली विधानं भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना तशीच देणं. अक्कलकुवा-धडगावकडे जाणार असाल तर आधी काही मुलांजवळ बसा, विधान वाचून दाखवा आणि 'तू हे तुझ्या मित्राला कसं सांगशील?' असं विचारा. जे विधान मूल फिरवून सांगू शकत नाही ते काढा.

मग मी काय करायला लावते

'विद्यार्थ्यांची अभिप्रेरणा' हा विषय मी मान्यच करत नाही. 'आठवीतल्या मुलांची गणित विषयातली अभिप्रेरणा' इतका तो खाली आणायचा. मग तिचे तीन पैलू ठरवायचे: गोडी, धाक किंवा बक्षिसासाठीचा अभ्यास, आणि अडल्यावरची चिकाटी. पहिल्या दोनांसाठी प्रत्येकी सहा विधानं, गुण वेगवेगळे ठेवायचे, बेरीज करायची नाही. चिकाटीसाठी कागदावर विचारण्यापेक्षा वागणं पाहायचं.

वागणं पाहण्याची ही कल्पना जुनी आहे. डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवून आकार करायची सोमा कोडी सोडवायला दिली होती. मध्येच संशोधक आठ मिनिटं बाहेर जाई. खोलीत मासिकं ठेवलेली असत. त्या मोकळ्या वेळात विद्यार्थी कोड्याकडे किती वळतो, हेच माप होतं.

शाळेत हे असं बसवता येतं. तासाच्या शेवटी १५ मिनिटं उरवायची. टेबलावर दोन गठ्ठे: एक सहा उदाहरणांच्या ऐच्छिक पानाचा, दुसरा चित्र रंगवायच्या पानाचा. गुण नाहीत, शिक्षकांना दाखवणार नाही, हे आधी स्पष्ट सांगायचं. मग तीन नोंदी: कोणतं पान उचललं, किती उदाहरणांना हात घातला, आणि पहिलं उत्तर खोडल्यावर तेच उदाहरण पुन्हा मांडलं का. बरोबर उत्तरं मोजायची नाहीत.

इथे एक सापळा आहे. सहाही उदाहरणं आठवीच्या पातळीची दिली तर हुशार मुलंच ती उचलतात आणि तुम्ही पुन्हा क्षमता मोजून बसता. म्हणून दोन उदाहरणं सहावीची, दोन सातवीची, दोन आठवीची ठेवायची. काम झाल्यावर दोन सहसंबंध काढायचे: केलेल्या प्रयत्नांचा गोडीच्या गुणांशी, आणि प्रयत्नांचा गणिताच्या गुणांशी. पहिला चांगला आणि दुसरा त्याहून कमी आला तर दर्शक वापरण्याजोगा आहे. दुसरा मोठा आला तर ऐच्छिक पान सोपं करून पथदर्शी अभ्यास दुसऱ्या वर्गावर पुन्हा घ्यायचा, आणि तोपर्यंत मुख्य नमुन्याच्या शाळेत पाऊल ठेवायचं नाही.