गायन क्लासच्या रेकॉर्डिंगमधून आठवड्याचा रियाज कसा लिहून काढावा

सरांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा आणि मोबाइल तानपुऱ्यापासून लांब ठेवा, नाहीतर ‘आ’कारातले बारकावे त्यात बुडून जातात. पहिल्यांदा ऐकायला ठाणे-वाशी लोकलचा प्रवास पुरतो. या फेरीत सर जिथे थांबवतात ती वेळ तेवढी टिपा, बाकी काही लिहू नका. क्लास सामुदायिक असेल तर दुसऱ्याला केलेल्या सूचना इथेच गाळा.

घरी वहीत तीन भाग करा: काय दिलं, काय चुकलं, काय करायचं.

‘काय दिलं’ हा भाग सोपा आहे, पण नुसतं ‘यमनची बंदिश’ लिहून भागत नाही. तीनताल, मध्यलय, स्थायी पूर्ण, अंतऱ्याची पहिली ओळ, आठ मात्रांची एक तान, असं कुठपर्यंत दिलं ते लिहा.

खरी मेहनत ‘काय चुकलं’मध्ये आहे, कारण गाण्याचे शिक्षक चूक शब्दांत फारशी सांगत नाहीत. ‘असं नाही, ऐक’ म्हणतात आणि गाऊन दाखवतात. त्यामुळे त्यांचे शब्द उतरवून हाती काही लागत नाही. तुम्ही गायलेले स्वर आणि त्यांनी गायलेले स्वर एकाखाली एक लिहा.

नौपाड्यातल्या एका क्लासचं उदाहरण घेऊ. मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतो. समेपासून आठ मात्रा दुगुनीत तान घ्यायची आणि मुखडा पकडायचा. रेकॉर्डिंगमध्ये 12:40 ला सर म्हणतात, ‘मुखडा उशिरा आला.’ 14:05 ला काही न बोलता तान पुन्हा गाऊन दाखवतात. या दोन वेगळ्या चुका वाटतात. स्वर लिहिल्यावर मात्र असं दिसतं:

सर: नि़रे गम॑ धनि सांरें सांनि धप म॑ग रेसा
मी: नि़रे गम॑ पध निसां रेंसां निध पम॑ गरे सा

सरांच्या तानेत चढताना पंचम नाही. विद्यार्थिनीने तो घेतला, सोळाचे सतरा स्वर झाले आणि मुखडा अर्धी मात्रा मागे पडला. म्हणजे चूक एकच. लय सांभाळण्याचा रियाज आठवडाभर केला असता तरी ती सुटली नसती.

आता ‘काय करायचं’. ‘तान पक्की करणे’ असं लिहू नका, त्यातून काहीच तपासता येत नाही. असं लिहा: हाताने ताल देत तान बराबरीत, एका मात्रेला एक स्वर. सोळा स्वर एका आवर्तनात बसून पुढची सम मोकळी मिळाली पाहिजे. शेवटचा सा समेवर पडला, तर पंचम परत शिरला आहे. हे जमलं की दुगुन, आणि मुखडा सगळ्यात शेवटी.

एका आठवड्याला अशा दोन-तीन दुरुस्त्या खूप झाल्या. जास्त निघाल्या तर सरांनी ज्यासाठी पुन्हा पुन्हा थांबवलं त्या आधी घ्या. ऐकूनही जो स्वर कळला नाही, त्यापुढे वेळ आणि प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने लिहिलेला स्वर आठवडाभर घोटला जातो. पुढच्या क्लासला तानपुरा लावता लावता तेवढं विचारून घ्या.