वाटणीनंतर आपला हिस्सा विकताना: मूळ किंमत कशी वाटून घ्यावी आणि कर कसा काढावा

वडिलांच्या जागेची भावंडांत वाटणी होते, वाटणीपत्राची नोंदणी होते, प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र तुकडा चढतो आणि काही वर्षांनी त्यांपैकी एक जण आपला तुकडा विकतो. भांडवली नफ्याचा हिशोब मांडताना तो बहुतेक वेळा वाटणीपत्रात लिहिलेले मूल्य हीच आपली मूळ किंमत समजतो, आणि चूक नेमकी तिथेच होते. मुद्रांक व नोंदणी यांच्यापुरते त्या आकड्याला महत्त्व असले तरी प्राप्तिकराच्या दृष्टीने वाटणीमुळे नवी किंमत तयार होत नाही. ज्याने ती मालमत्ता शेवटची पैसे देऊन घेतली, त्याचीच किंमत आणि त्याचीच खरेदीची तारीख वारसांकडे येते. प्रश्न उरतो तो एवढाच की, ती एकसंध किंमत तीन तुकड्यांवर कशी विभागायची.

पुढील हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये झालेल्या विक्रीचा, म्हणजे प्राप्तिकर कायदा, १९६१ प्रमाणे आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

पहिली पायरी: मालमत्ता कोणत्या वाटेने आली ते ठरवा

बोलीभाषेत आपण वडिलांकडून आलेल्या प्रत्येक मालमत्तेला वडिलोपार्जित म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेली जागा ही वारसाहक्काने मुलांकडे व्यक्तिशः येते, तर पिढ्यानपिढ्या चालत आलेली एकत्र कुटुंबाची जागा वाटणीने येते. कलम ४९(१) दोन्ही वाटांना पूर्वीच्या मालकाचीच किंमत लावते, त्यामुळे करापुरता शेवट सारखाच होतो. एकत्र कुटुंबाची स्वतंत्र कर-आकारणी होत असेल तर मात्र वाटणीची नोंद कलम १७१ खाली प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून करून घ्यावी लागते, आणि ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अंशतः वाटणी अशा कुटुंबाच्या बाबतीत मानली जात नाही.

वाटणी होणे हे स्वतः हस्तांतरण नाही, म्हणून वाटणीच्या दिवशी कोणालाही भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण शेतजमीन तर भांडवली मालमत्तेतच मोडत नाही. पण ती खरोखर ग्रामीण आहे का, हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनचे सरळ रेषेतले अंतर आणि तिथली लोकसंख्या पाहून ठरते, सातबारावरून नव्हे.

दुसरी पायरी: संपूर्ण मालमत्तेची एकच मूळ किंमत काढा

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. वडिलांनी १९७८ मध्ये तालुक्याच्या गावी ६८० चौरस मीटरची बखळ १८,००० रुपयांना घेतली आणि १९८६ मध्ये रस्त्याच्या बाजूला घर बांधले. आई आधीच गेली होती; वडील २०१२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. थोरला भाऊ, बहीण आणि धाकटा भाऊ यांनी २०१९ मध्ये नोंदणीकृत वाटणीपत्र केले. रस्त्यालगतचा १६० चौरस मीटरचा भाग घरासह थोरल्याला, मधला २०० चौरस मीटरचा बहिणीला आणि मागचा ३२० चौरस मीटरचा धाकट्याला मिळाला. घर एकट्या थोरल्याकडे गेल्यामुळे त्याने दोन्ही भावंडांना रोख भरपाई दिली.

मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेली असल्यास प्रत्यक्ष खरेदी किंमत किंवा त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य यांपैकी जे हवे ते धरता येते. १९७८ चे १८,००० रुपये धरण्यात काहीच अर्थ नाही, म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून २००१ चे मूल्यांकन करून घ्यावे. २०२० पासून या मूल्याला वरची मर्यादा आहे: जमीन किंवा इमारतीचे १ एप्रिल २००१ चे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर बाजारमूल्य त्यापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणून मूल्यांकनकाराकडे जाण्याआधी त्या वर्षीच्या रेडी रेकनरचा दर मिळवून ठेवलेला बरा. आपल्या उदाहरणात जमिनीचा तो दर सर्व बखळीसाठी चौरस मीटरला १,००० रुपये होता असे धरू.

तिसरी पायरी: ती किंमत तुकड्यांवर वाटा

सर्वांत जास्त विचार इथे लागतो. तिघांचे हिस्से समान आहेत म्हणून मूळ किंमतही सरळ तीन भागांत वाटावी, असे पटकन सुचते. जागा अविभक्त असताना तिघांनी मिळून विकली असती, तर ते बरोबरच ठरले असते, कारण तेव्हा प्रत्येकाने संपूर्ण मालमत्तेतील एक तृतीयांश हक्क विकला असता. प्रत्यक्ष वाटणी झाल्यावर मात्र प्रत्येक जण विशिष्ट तुकडा विकतो, आणि त्या तुकड्याची २००१ मधली किंमत काय होती हेच विचारायचे असते. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणे सर्व जमीन एकसारखी असेल तेव्हा चालते. रस्त्यालगतची आणि बोळातून जावे लागणारी जमीन एकाच दराने मोजली तर रस्त्यालगतच्या तुकड्याच्या मालकाचे नुकसान होते आणि मागच्याला न पटणारा फायदा मिळतो.

म्हणून जमीन आणि बांधकाम आधी वेगळे करावे. उदाहरणातल्या मूल्यांकन अहवालात घराची २००१ ची किंमत १,२०,००० रुपये आली. ती पूर्णपणे थोरल्याच्या तुकड्याकडे जाते, कारण घर त्याच्याकडेच आहे. जमिनीचा दर रस्त्यालगत चौरस मीटरला १,०००, मध्ये ८०० आणि मागे ५०० रुपये आला. त्यानुसार थोरल्याची जमीन १,६०,०००, बहिणीची १,६०,००० आणि धाकट्याचीही १,६०,००० रुपये होते. तिन्ही जमिनी आणि घर मिळून ६,००,००० रुपये. बेरीज संपूर्ण मालमत्तेच्या मूल्याशी जुळते आणि एकही दर रेकनरच्या वर जात नाही, हे दोन्ही तपासून घ्यावे.

मूल्यांकन एकदाच आणि एकाच अहवालात करून घ्यावे, त्यात तीन तुकडे मोजणी नकाशाप्रमाणे वेगळे दाखवावेत आणि प्रत्येक भावंडाने त्याची प्रत जपून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. नाहीतर ज्याला विकायचे असेल तो स्वतंत्र अहवाल आणतो, प्रत्येकाचा मूल्यांकनकार आपल्या ग्राहकाचा तुकडा थोडा चढा दाखवतो, आणि तिन्ही अहवालांची बेरीज संपूर्ण बखळीच्या किमतीपेक्षा मोठी होते. अशी बेरीज कोणी समोर ठेवली तर तिचे समर्थन करता येत नाही.

सुधारणेचा खर्च १ एप्रिल २००१ नंतरचाच धरता येतो, मग तो वडिलांनी केलेला असला तरी चालतो. २००९ मध्ये वडिलांनी घातलेल्या कुंपणाच्या भिंतीपैकी जेवढी लांबी ज्याच्या तुकड्याला आली तेवढा खर्च त्याचा. या कुटुंबाला त्या भिंतीचे बिल सापडले नाही, म्हणून पुढच्या हिशोबात तो खर्च नाही.

थोरल्याने दिलेली भरपाई हा वाटणी समान करण्याचा भाग आहे. घेणाऱ्याकडे ती करपात्र नफा नाही असे उच्च न्यायालयांचे निर्णय आहेत. देणाऱ्याने ती रक्कम आपल्या मूळ किमतीत मिळवण्यावर मात्र वाद उद्भवू शकतो, म्हणून थोरल्याने सल्ल्याशिवाय तसे करू नये. भरपाई वाटणीपत्रातच लिहिलेली असावी. नंतर वेगळ्या कागदावर दाखवली की ती हिस्सा विकल्यासारखी दिसू लागते.

हक्कसोडपत्राचे तसे नाही. एका भावंडाने पैसे न घेता दुसऱ्याच्या लाभात हक्क सोडला, तर त्या भागालाही वडिलांचीच किंमत व तारीख लागते. पैसे घेऊन सोडला, तर सोडणाऱ्याला भांडवली नफा होतो, आणि घेणाऱ्याची त्या भागाची किंमत म्हणजे दिलेली रक्कम व तारीख म्हणजे हक्कसोडपत्राची तारीख ठरते. अशा वेळी एकाच तुकड्याचे दोन भाग करून हिशोब दोनदा मांडावा लागतो.

चौथी पायरी: कर दोन्ही पद्धतींनी काढा

बहिणीने मधला तुकडा २०२५ मध्ये ३६,००,००० रुपयांना विकला आणि दलालीचे ३६,००० रुपये दिले. विक्रीच्या दिवशीचे मुद्रांक मूल्य ३७,५०,००० रुपये होते. ते विक्री किमतीच्या ११० टक्क्यांच्या आत असल्यामुळे प्रत्यक्ष किंमतच धरली जाते. धारणकाळ १९७८ पासून मोजला जात असल्याने नफा दीर्घकालीन आहे. वाटणीनंतर महिन्याभरात विक्री झाली असती तरी तो दीर्घकालीनच राहिला असता.

२३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना हिशोब करून कमी येणारा कर भरण्याची मुभा आहे.

पहिल्या पद्धतीने ३६,००,००० मधून दलाली ३६,००० आणि मूळ किंमत १,६०,००० वजा केल्यावर नफा ३४,०४,००० रुपये आणि १२.५ टक्क्यांनी कर ४,२५,५०० रुपये. दुसऱ्या पद्धतीत २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून मूळ किंमत ६,०१,६०० रुपये होते, नफा २९,६२,४०० आणि २० टक्क्यांनी कर ५,९२,४८० रुपये. कमी असलेले ४,२५,५०० रुपये आणि त्यावर चार टक्के उपकर १७,०२० रुपये, असे एकूण ४,४२,५२० रुपये बहिणीने भरायचे. २०२५-२६ मध्ये विक्री किंमत २००१ च्या मूल्याच्या साधारण ८.४ पटींहून कमी असेल तरच जुनी पद्धत स्वस्त पडते. इथे ती साडेबावीस पट आहे. बहीण परदेशी स्थायिक आणि अनिवासी असती, तर तिला हा पर्यायच मिळाला नसता.

वाटणीपत्रात या तुकड्याचे मूल्य २४,००,००० रुपये लिहिले होते. बहिणीने तेच मूळ किंमत म्हणून धरले असते, तर नफा ११,६४,००० आणि उपकराआधीचा कर अवघा १,४५,५०० रुपये दिसला असता. विवरणपत्रात खरेदीचे वर्ष २०१९ आणि किंमत वाटणीपत्राची, ही जोडी दिसली की चूक झाल्याचे ओळखावे. तपासणीत २,८०,००० रुपयांचा फरक व्याजासह निघतो.

पाचवी पायरी: विवरणपत्र आणि कागद

विवरणपत्र आयटीआर-२ मध्ये भरावे. सोबत काही जोडायचे नसले तरी वडिलांचे खरेदीखत, मृत्यूचा दाखला, वाटणीपत्र, मोजणी नकाशा, मूल्यांकन अहवाल आणि २००१ च्या रेकनरच्या पानाची प्रत एकत्र ठेवावी. बहिणीला कर वाचवायचा असेल तर विक्रीपासून सहा महिन्यांत कलम ५४ईसीचे रोखे घेण्याचा मार्ग आहे; तिने मोकळी जमीन विकली असल्यामुळे नवे घर घ्यायचे तर तिला कलम ५४एफ लागू होते. घरासह विकणाऱ्या थोरल्याला मात्र कलम ५४ पाहावे लागेल.

धाकट्याने पुढे कधीही मागचा तुकडा विकला, तरी त्याची २००१ ची किंमत १,६०,००० रुपयेच राहील. तोपर्यंत त्याच्या पुढून नवा रस्ता गेला आणि भाव बहिणीच्या दुप्पट झाला, तरी तो वाढीव भाव विक्रीच्या किमतीत दिसेल, मूळ किमतीत नाही.